तीनपैकी कोणतेही दोन

जेराल्ड कॉटन हा तीस वर्षांचा कॅनेडियन तरुण ९ डिसेंबर २०१८ रोजी जयपूरच्या एका रुग्णालयात वारला. क्वाड्रिगा हे कॅनडातलं मोठं क्रिप्टो एक्स्चेंज तो चालवत असे. मृत्यूच्या बारा दिवस आधी त्यानं मृत्युपत्र केलं होतं. त्यात घराची, विमानाची, अगदी पाळलेल्या कुत्र्यांच्या खर्चाचीही तरतूद होती. पण सुमारे ७६ हजार ग्राहकांची नाणी ज्या किल्ल्यांनी उघडायची, त्या एकट्या त्यालाच ठाऊक होत्या आणि त्या त्याच्याबरोबर गेल्या, असं कंपनीनं न्यायालयाला सांगितलं.

पुढे तपासात निघालं ते वेगळंच. बरीचशी वॉलेट्स त्याच्या मृत्यूच्या कित्येक महिने आधीच रिकामी झालेली होती. ऑन्टारिओच्या रोखे आयोगानं २०२० साली हा सरळसरळ घोटाळा होता असा निष्कर्ष काढला. तरीही ‘किल्ली मालकाबरोबर गेली’ हे कारण सुरुवातीला पुष्कळांना पटलं, कारण त्यात तांत्रिकदृष्ट्या अशक्य काहीच नव्हतं. घोटाळा न करणाऱ्या, दहा वर्षं थोडं थोडं बिटकॉइन घेऊन ठेवलेल्या सरळ माणसाच्या घरीही नेमकं हेच होऊ शकतं.

सुरुवातीलाच एक फरक करून घेऊ. नाणी एक्स्चेंजच्या खात्यात असतील तर किल्ली कंपनीकडे असते. मग वारसांचा प्रश्न कागदपत्रांचा राहतो: मृत्यूचा दाखला, वारस प्रमाणपत्र, केवायसी. वेळ लागतो, पण वाट असते. इथे आपण बोलतोय ते स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवलेल्या नाण्यांबद्दल. तिथे बँक नाही, शाखा नाही, न्यायालयाचा हुकूम दाखवून उघडून घ्यावं असं दुसऱ्या टोकाला कुणीच नाही. क्रिप्टो ही मालमत्ता आहे असं मद्रास उच्च न्यायालयानं २०२५ साली म्हटलं, ते महत्त्वाचं आहेच. पण हक्क मिळाला म्हणून किल्ली मिळत नाही.

ही किल्ली प्रत्यक्षात कशी दिसते? नवं वॉलेट सुरू केलं की उपकरण बहुधा बारा किंवा चोवीस साधे इंग्रजी शब्द दाखवतं आणि ते क्रमानं कागदावर उतरवून घ्यायला सांगतं. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून निवडलेले असतात. सगळी नाणी हलवण्याचा अधिकार त्यांच्यातूनच तयार होतो. उपकरण फुटलं तर नव्या उपकरणात तेच शब्द भरायचे की सगळं परत. याचाच अर्थ असा, की तो कागद ज्यानं फोनवर टिपला, तो दुसऱ्या देशात बसून सगळं काढून घेऊ शकतो. मागे सही जुळवणारं कुणी नाही आणि तक्रार केली तरी व्यवहार उलटत नाही.

त्यामुळे मालकाची कोंडी होते. कागद बायकोला दिला तर तो आजपासूनच धोक्यात येतो. बायकोवर विश्वास नाही म्हणून नव्हे. घरात कामवाली येते, रंगारी येतात, भाचा सुट्टीला येतो, कपाट आवरताना कागद रद्दीत जातो. आणि न द्यावा तर कॉटनच्या गोष्टीतला खोटा भाग आपल्या घरी खरा होतो. काही लोक शब्द मृत्युपत्रातच लिहितात. हा सगळ्यात वाईट मार्ग. मृत्युपत्र वकील वाचतो, टंकलेखक वाचतो, साक्षीदारांच्या हाताखालून जातं, आणि प्रकरण न्यायालयात गेलं तर ते नोंदीचा भाग होतं. नाणी कुणाला द्यायची हे मृत्युपत्रात लिहावं. ती उघडायची कशी, हे त्यात कधीही असू नये.

मग सुचतो तो उपाय म्हणजे कागद फाडून वाटणं. बारा शब्दांपैकी पहिले सहा मुलीकडे, उरलेले सहा भावाकडे. यात दोन खोडी आहेत. एक तुकडा हरवला की सगळंच संपतं, म्हणजे हरवण्याची शक्यता आपण दुप्पट केली. शिवाय ज्याच्या हाती सहा शब्द लागले त्याचं अर्धं नव्हे, अर्ध्याहून पुष्कळ जास्त काम झालं. पूर्ण बारा शब्द ओळखणं विश्वातल्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे. उरलेले सहा ओळखणं अवघड खरं, पण पैसा आणि यंत्रं असलेल्या माणसाला अशक्य म्हणता येणार नाही. प्रत्येक कळलेला शब्द उरलेलं कोडं २०४८ पटींनी लहान करतो.

या कोंडीवरचं उत्तर क्रिप्टोच्या किती तरी आधीचं आहे. १९७९ साली आदी शमीर या इस्रायली गणितज्ञानं एक छोटासा लेख लिहिला. त्यातली कल्पना शाळेतल्या आलेखाच्या कागदावर समजते. आपलं गुपित म्हणजे ७ हा आकडा आहे असं धरा. आलेखाच्या उभ्या रेषेवर, म्हणजे शून्याच्या जागी, ७ वर एक बिंदू द्या. तिथून एक सरळ रेष काढा, दर पावलाला तीननं चढणारी. ती १ च्या जागी १० वर असेल, २ च्या जागी १३ वर, ३ च्या जागी १६ वर. आता हे तीन बिंदू तिघांना वाटा आणि रेष पुसून टाका. ज्याच्याकडे फक्त ‘दोनच्या जागी तेरा’ आहे त्याला काय कळलं? काहीच नाही. तेरातून हव्या तितक्या रेषा काढता येतात आणि प्रत्येक रेष शून्याच्या जागी वेगळा आकडा दाखवते. पण पहिला आणि तिसरा एकत्र आले तर? दहावरून सोळा, दोन पावलांत सहाची चढण, म्हणजे पावलाला तीन. एक पाऊल मागे या: सात. तिसऱ्याची गरजच पडली नाही, आणि कोणत्याही दोघांनी हेच करता येतं.

प्रत्यक्ष वॉलेटमध्ये आकडे राक्षसी असतात आणि गणित थोडं वेगळ्या प्रकारच्या संख्यांवर चालतं, त्यामुळे एकट्या तुकड्यातून अंदाजसुद्धा बांधता येत नाही. २०१९ च्या सुमारास ट्रेझर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीनं यावर ‘स्लिप-३९’ नावाचं मानक आणलं. त्यात प्रत्येक वाटेकऱ्याला सहसा वीस शब्दांचा स्वतःचा संच मिळतो. किती संच करायचे आणि किती जुळले की उघडायचं, हे मालक ठरवतो. बहुतेक कुटुंबांना तीनपैकी दोन पुरे होतात.

एक घर समोर ठेवून बघू. काल्पनिक आहे, पण ओळखीचं वाटेल. नाशिकला राहणारा पन्नाशीतला एक इंजिनिअर. बायको शिक्षिका, मुलगी बंगळूरला नोकरीला, धाकटा भाऊ सांगलीत. त्याच्याकडे जुनं हार्डवेअर वॉलेट आहे आणि नेहमीचे चोवीस शब्द आहेत. ते शब्द तो सरळ तीन तुकड्यांत वाटायला जात नाही, कारण स्लिप-३९ ची यादीच वेगळी, १०२४ शब्दांची, आणि घरच्या घरी केलेल्या हिशेबात चूक झाली तर ती कळते मालक गेल्यावर. तो स्लिप-३९ चालणारं नवं उपकरण घेतो, त्यावर नवं वॉलेट काढतो, ‘तीन तुकडे, दोन पुरेत’ असं निवडतो आणि पडद्यावर येणारे वीस वीस शब्दांचे तीन संच हातानं लिहून घेतो. फोटो नाही, प्रिंटआउट नाही.

नाणी लगेच नव्या वॉलेटवर टाकायची नाहीत. आधी फक्त पाचशे-हजार रुपयांचं बिटकॉइन तिकडे पाठवायचं. मग उपकरण पूर्ण पुसायचं आणि पहिला व दुसरा संच भरून ते उभं करायचं. शिल्लक दिसली? पुन्हा पुसायचं, दुसरा व तिसरा. पुन्हा पुसायचं, पहिला व तिसरा. तिन्ही जोड्या चालल्या की मगच उरलेली रक्कम हलवायची. कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच बहुतेक लोक ते टाळतात. माझ्या मते ज्यानं ही तालीम केली नाही, त्यानं वारशाची सोय केलीच नाही. त्यानं फक्त कागद लिहिले.

तुकडे ठेवायचे कुठे? इथे गणित संपतं आणि नाती सुरू होतात. पहिला तुकडा त्यानं स्वतःच्या एकट्याच्या नावावरच्या बँक लॉकरमध्ये ठेवला, बायकोला नॉमिनी केलं. दुसरा मुलीकडे, तिसरा भावाकडे. घरी एकही नाही, कारण रोजच्या वापरासाठी त्याला तुकडा लागतच नाही. उपकरण आणि पिन पुरतं. घरात चोर आला तर त्याला पिन लावलेलं एक उपकरण मिळेल. ट्रेझरवर सोळा वेळा, लेजरवर तर तीनच वेळा पिन चुकला की उपकरण स्वतःच स्वतःला पुसून टाकतं.

लॉकरचा एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. मालक गेल्यावर बँक नॉमिनीसमोर आणि साक्षीदारांसमोर लॉकरमधल्या वस्तूंची यादी करते, पण आत सापडलेलं मोहोरबंद पाकीट बँकेनं उघडू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून तुकडा सुटा ठेवायचा नाही, पाकिटात बंद करून ठेवायचा. आणि नॉमिनी हा विश्वस्त असतो, मालक नव्हे, हेही घरात सांगून ठेवावं. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून चाललेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत हेच स्पष्ट केलं: नॉमिनेशन हा वारसाहक्काचा वेगळा मार्ग ठरत नाही.

कागद मात्र भिजतो. सांगलीत २०१९ साली कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा कपाटातल्या कागदांचं काय झालं हे तिथल्या लोकांना विचारा. भावाकडचा तुकडा त्यानं स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर अक्षरांच्या पंचानं ठोकून घेतला, तोही स्वतः. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं ठोकली तरी चालतं, कारण यादीतले कोणतेही दोन शब्द पहिल्या चार अक्षरांत सारखे नाहीत.

आता अवघड प्रश्न. मुलगी आणि काका यांनी संगनमत केलं तर? करू शकतात. तीनपैकी दोन याचा अर्थच तो. उपाय असा, की ज्यांना तुकडे दिले त्यांनी ते बंद पाकिटात, चिकटपट्टीवर मालकाची आडवी सही असलेले, ठेवायचे आणि दर दिवाळीला मालकानं पाकीट डोळ्यांनी बघायचं. पाकीट उघडलेलं दिसलं तर भांडत बसू नये. नवं वॉलेट काढून नाणी तिकडे हलवावीत. जुने तिन्ही तुकडे त्याच क्षणी निरुपयोगी होतात. दिलेला तुकडा परत मागून उपयोग नसतो, वाचणाऱ्यानं तो वाचलेलाच असतो. उलट टोकाचीही चूक होते. एकमेकांशी बोलत नसलेल्या दोन नातेवाइकांना तुकडे द्यायचे, म्हणजे संगनमत होणार नाही, अशी हुशारी काही जण करतात. ते दोघं मालकाच्या तेराव्यालाही बोलणार नाहीत, हे विसरतात.

हुशारीचा आणखी एक सापळा आहे, आणि त्यात जाणकार माणसंच जास्त अडकतात. शब्दांशिवाय आणखी एक पासफ्रेज जोडता येतो. ऐकायला छान वाटतं. पण पासफ्रेज चुकला तर वॉलेट ‘चुकीचा’ असं सांगत नाही. ते निमूट दुसरंच एक वॉलेट उघडतं, संपूर्ण वैध आणि संपूर्ण रिकामं. एक स्पेस जास्त पडली, पहिलं अक्षर मोठं लिहिलं गेलं, तरी हेच. मुलगी सगळं बरोबर करते, शिल्लक शून्य बघते आणि बाबांनी कधीच सगळं विकलं असणार असं समजून उठते. कुटुंबासाठी सोय करायची असेल तर पासफ्रेज नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. तुकड्यांनी ते काम आधीच केलेलं असतं.

तरी योग्य वॉलेट उघडलं की नाही हे वारसांना कळावं म्हणून एक खूण ठेवता येते. प्रत्येक वॉलेटला आठ चिन्हांचा एक ठसा असतो. स्पॅरोसारख्या वॉलेट-प्रोग्राममध्ये तो `Master fingerprint` या नावाखाली दिसतो आणि `73c5da0a` असा काहीसा असतो. त्यावरून किल्ली काढता येत नाही, नाणी हलवता येत नाहीत. म्हणून तो उघड पत्रात लिहिला तरी हरकत नाही. ठसा जुळला तर वॉलेट बरोबर. नाही जुळला तर घाबरायचं नाही, काहीतरी चुकीचं भरलंय एवढाच अर्थ.

हे पत्र म्हणजे सगळ्या योजनेतला एकमेव भाग, जो बायकोच्या हाती आजच असायला हवा. त्यात गुपित काही नसतं. नाणी कोणती आहेत, वॉलेट कोणत्या कंपनीचं, तुकडे स्लिप-३९ चे आहेत आणि दोन लागतात, ते कोणाकोणाकडे आहेत, ठसा काय, खरेदीची कागदपत्रं कुठे आहेत. आणि एक वाक्य ठळक अक्षरांत: घाई करू नका. मालक गेला म्हणून बिटकॉइन कुठे जात नाही. वर्षानं उघडलं तरी ते तिथेच असतं. जुन्या उपकरणावर पिन ओळखण्याचा खेळ खेळू नका, त्याची गरज नाही. नाणी त्या डबीत नसतातच. नवं उपकरण थेट कंपनीकडून मागवायचं, मुलीनं आपला तुकडा आणायचा, लॉकरमधला किंवा काकांकडचा दुसरा घ्यायचा, एका खोलीत बसून दोन्ही उपकरणात भरायचे, ठसा ताडून बघायचा. त्या संध्याकाळी पूर्ण किल्ली पहिल्यांदाच मालकाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात येते.

याहून काटेकोर एक पद्धत आहे. ती ज्यांना संगणकाची भीती नाही त्यांच्यासाठी. बिटकॉइनच्या व्यवहारातच वेळेची अट घालता येते: ‘ही नाणी मालकाची किल्ली कधीही हलवू शकते, पण ती अमुक इतके ब्लॉक जागची हलली नाहीत, तर वारसाची किल्लीही चालेल.’ २०१६ साली बिटकॉइनच्या नियमांत ही सोय आली. दहा मिनिटांना साधारण एक ब्लॉक होतो आणि ही अट जास्तीत जास्त ६५,५३५ ब्लॉकची घालता येते, म्हणजे सुमारे पंधरा महिने. लियाना नावाचं वॉलेट नेमकं यासाठीच बनवलेलं आहे. इथे वारसाची संपूर्ण किल्ली आजच मुलीच्या हाती देता येते. मालक जिवंत आहे आणि नाणी हलवतो आहे, तोवर ती किल्ली चालतच नाही. आपल्या मूळ प्रश्नाचं हे सगळ्यात नेमकं उत्तर म्हणावं लागेल.

किंमतही तशीच आहे. मुदत संपण्याआधी मालकानं नाणी स्वतःच्याच नव्या पत्त्यावर पाठवून घड्याळ पुन्हा शून्यावर आणायचं, दरवर्षी, शुल्क भरून. विसरला तर मुलीची किल्ली त्याच्या हयातीतच चालू होते. शिवाय वारसाकडे नुसते शब्द असून भागत नाही. अटींची रचना सांगणारी, डिस्क्रिप्टर नावाची एक फाइलही लागते. ती नसेल तर नाणी कोणत्या पत्त्यांवर आहेत हेच वॉलेटला कळत नाही. ही फाइल गमावली की शब्द हातात असून पैसे अडकतात. तिच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात. त्यातून शिल्लक किती हे दिसतं, पण चोरी होत नाही.

नाशिकच्या त्या घराला मी तीन तुकडेच सुचवेन. बायको शिक्षिका आहे, फाइल आणि ब्लॉक यांच्याशी तिचा संबंध नाही, आणि सोय तिला वापरता आली पाहिजे.

कराचंही एक काम आत्ताच करून ठेवायचं आहे. वारशानं नाणी मिळाली म्हणून आपल्याकडे कर लागत नाही. वारसानं ती विकली की मात्र नफ्यावर ३० टक्के आणि वर उपकर लागतो, आणि नफा मोजताना वजा होते ती मूळ खरेदीची किंमत. त्या खरेदीचा पुरावा नसेल तर ती सिद्ध करणं वारसाच्या डोक्यावर येतं. २०१७ साली कोणत्या एक्स्चेंजवर काय भावानं घेतलं, हे आज फक्त मालक सांगू शकतो. ते एक्स्चेंज कदाचित बंदही पडलं असेल. ईमेल, बँकेचं विवरण, जे असेल ते छापून पत्राला जोडावं.

आणि घरातल्या माणसांसाठी एक गोष्ट. मृत्यूची बातमी फिरली की ‘वॉलेट रिकव्हर करून देतो’ म्हणणारे फोन येऊ शकतात. कुणी कंपनीचा प्रतिनिधी म्हणवेल, कुणी मालकाचा जुना मित्र. एखादी वेबसाइट शब्द ‘तपासून’ देईल. जो कोणी तुकड्यातले शब्द सांगायला, फोटो पाठवायला किंवा फोन-संगणकावर टाइप करायला सांगतो, तो चोर आहे असंच धरा. ते शब्द हार्डवेअर वॉलेटच्या पडद्याशिवाय कुठेही भरायचे नाहीत, आणि भरताना खोलीत घरचीच माणसं असू द्या.